पंधराव्या रांगेतल्या अठ्ठेचाळीस खुर्च्या

नंदिनीला शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणाला बोलावलं, तेव्हा तिच्यापेक्षा जास्त तयारी तिच्या आईने केली. आई म्हणजे बायनाबाई. ती त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. त्यामुळे मास्तर लोकांनी मीटिंगमध्ये नाव ठरवलं आणि चहाचे कप उचलता उचलता ते आधी तिच्याच कानावर पडलं. संध्याकाळपर्यंत चिचटोल्यात अशी एक चूल उरली नाही, जिच्यापर्यंत ही बातमी गेली नव्हती. बायनाबाईची पोरगी चंद्रपुराहून येणार, माइकवर बोलणार आणि तिच्यासाठी वडशाहून हार येणार.

चिचटोला हे वडशापासून बारा किलोमीटरवरचं गाव. एक तलाव, एक शाळा आणि माणसागणिक दोन मतं. अशा गावात एकमत फक्त नंदिनीवर होतं. तीन वर्षांपूर्वी तिला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले होते, गणितात तर शंभरात अठ्ठ्याण्णव. आता ती चंद्रपूरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. गावातल्या प्रत्येक घरात पोरांना रागावताना तिचं नाव निघायचं, त्यामुळे पोरांना ती आवडायची की नाही हा प्रश्नच होता. पण तिच्याबद्दलची एक दंतकथा मात्र पोरांनीच जपली होती. नंदिनीताईने पुस्तक उघडलंच नाही म्हणे, नुसते जुने पेपर सोडवले आणि पहिली आली.

गणिताच्या हेमराज सरांनी फोनवर विषयही तोच दिला होता. "जुन्या प्रश्नपत्रिकांनी तुझी उजळणी कशी घडवली, यावर पंधरा मिनिटं बोल. बोर्डाला महिना उरला आहे. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुझं तरी ऐकतील."

शनिवारी सकाळी चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनावर गाडीत बसून ती दुपारी वडशाला उतरली. शाळेत पोचली तेव्हा तीन वाजत होते आणि मैदानावर मांडव उभा होता. वडशाच्या एका नाटक कंपनीकडून खुर्च्या आणि माइक आले होते. हिवाळ्यात या भागात रोज कुठे ना कुठे झाडीपट्टीचं नाटक असतंच, पण त्या दिवशी कंपनीला नेमकी सुट्टी होती. म्हणून चिचटोल्याच्या वाट्याला लाल खुर्च्या आल्या.

हेमराज सर फाटकातच भेटले. कोट घातलेला, खिशाला नेहमीचा लाल पेन. त्यांचा चेहरा मात्र संमेलनाचा नव्हता.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "तुझ्या भाषणानंतर एक कार्यक्रम आहे, पत्रिकेत छापलेला नाही. माफीचा."

"कसली माफी, सर?"

"पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरात सामूहिक कॉपी झाली. चौतीसपैकी एकोणीस जणांचं एका प्रश्नाचं उत्तर चुकलं, आणि सगळ्यांचं सारखंच चुकलं. एकाने चूक करावी, मी समजू शकतो. एकोणीस जण एकच चूक, त्याच पायऱ्या, आणि खाली चुकीचा ताळासुद्धा! मी वर्गात ताळा लिहायला कधी शिकवलंच नाही या प्रकाराला. मी सांगितलं, ज्याने कॉपी फिरवली त्याने गावासमोर माफी मागायची. नाही तर एकोणीसही जणांच्या अंतर्गत गुणांवर मी काट मारीन."

"मग? कोणी कबूल झालं?"

"इस्तारीची जया उभी राहिली. वर्गात पहिली येणारी पोरगी! मला झोप नाही पंधरा दिवस." सर हे बोलले आणि कोणीतरी माइक शिट्टी मारतोय म्हणून ओरडलं, तसे ते तिकडे धावले.

नंदिनी आईला शोधत शाळेच्या मागे गेली. खिचडीच्या खोलीत आई नव्हती. तांदळाच्या पोत्यावर एक मुलगी बसली होती, लेझीमचा पोशाख घातलेली, डोक्याला फेटा, हातात वहीचा फाडलेला कागद. ओठ हलत होते.

"भाषण पाठ करून राह्यली का?" नंदिनीने विचारलं.

मुलगी दचकून उभी राहिली. "भाषन नाई ताई, माफी हाय. मी जया."

नंदिनीने कागद हातात घेतला. 'मी सर्वांची क्षमा मागते. माझ्यामुळे माझ्या वर्गमित्रांनी...' अक्षर सुंदर होतं आणि दोन ठिकाणी शाई पसरलेली होती. लहानपणी तलावाच्या पाळीवर नाकात बोट घालून उभी असायची ती हीच जया. तिचा बाप इस्तारी तलावात जाळं टाकून मासे धरायचा.

"खरंच कॉपी देल्ली तू?"

जयाने मान हलवली. नाही.

"मग माफी काऊन मागतेस?"

"कोनीतरी मागाच लागते ना ताई. नाई तं सगळ्यायचे मार्क जाते. अन् खरं सांगता येत नाई."

"मला सांग. मी काही मास्तर नाही."

जयाने बाहेर डोकावून पाहिलं. मग पोत्यामागच्या पिशवीतून झेरॉक्सचा एक जाड गठ्ठा काढला. कडा मुडपलेल्या, वर मोठ्या अक्षरात कोणीतरी लिहिलेलं: 'नंदिनीताईचे सोडवलेले पेपर. सरांना दाखवू नये.'

नंदिनीने पान उलटलं आणि तिला तिचंच अक्षर दिसलं. नववीच्या सुट्टीतलं आणि दहावीच्या वर्षातलं तिरकं अक्षर. अकरा जुन्या पेपरांची तिने लिहिलेली उत्तरं.

"तिसरा पेपर पाहा," जया म्हणाली. "पूर्वपरीक्षेत सरायनं त्यातलाच प्रश्न जसाच्या तसा देल्ला होता. आमी एकोनीसही जनायनं तुमचं उत्तर पाठ केलं होतं. तेच लिवलं. एकामेकाचं कोनीच नाई पाह्यलं, ताई. मायची आन. पन सर म्हनते का चूक हाय. तुमचं उत्तर चूक कसं असन?"

प्रश्न असा होता. नाट्यगृहात पहिल्या रांगेत अठरा खुर्च्या आहेत आणि पुढे प्रत्येक रांगेत दोन-दोन वाढतात, तर पंधराव्या रांगेत किती? खाली नंदिनीने झोकात लिहिलं होतं: पंधरा गुणिले दोन बरोबर तीस, अठरा अधिक तीस बरोबर अठ्ठेचाळीस. त्याखाली 'ताळा: ४८ − ३० = १८' आणि बरोबरची एक ऐटबाज खूण.

हे उत्तर चूक होतं, आणि ते चूक आहे हे तिला तीन वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. जुना पेपर सोडवून झाला की ती नमुना उत्तरांशी ताडून पाहायची आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ठसठशीत फुली मारायची. अठ्ठेचाळीसपुढे तर तिने दोन फुल्या मारल्या होत्या. या झेरॉक्सवर एकही फुली नव्हती. तिने सगळी पानं भराभर चाळली. अकरा पेपर, आणि नंदिनी कुठेच चुकली नव्हती.

"हे तुम्हाला देल्लं कोनं?" विचारता विचारता तीही गावाच्या बोलीवर आली.

जयाने सांगायच्या आधीच उत्तर दारातून चालत आलं, नवं पातळ नेसून, हातात चहाचा कप घेऊन.

"आली का व माय! अन् हे काय, पेपर पाह्यले का तू?" बायनाबाईचा चेहरा फुलून आला होता. "मीच देल्ले पोरायले. दरसाल देतो. पयल्यांदा सुरज आला होता मांगाले, मंग ललिता, मंग रांगच लागली. वडशाले जाऊन झेराक्स मारून आनतेत. सराले नाई सांगत. त्याले तयार उत्तरं दिसले का तो जाळून टाकन. पन मी म्हनतो, माह्या पोरीचं अक्षर पाहून कोनाचं भलं होत असन तं होऊ दे ना!"

"माय," नंदिनीने हळूच विचारलं, "याच्यावर पेन्सिलीच्या फुल्या होत्या."

"होत्या ना! पानापानावर गिचमिड. तुह्या भावानं, राजदीपनं केली असन, तवा लहान होता तो. मी दोन दिवस बसून खोडरबरानं सगळं साप केलं. टॉपरचा पेपर कसा सुंदर पायजे! अन् ते चुका लिवाची वही होती ना तुही, ते मी धानाच्या कोठीमांगं दपवून ठेवली. आपल्या चुका लोकायले कोन दाखवते? तुही इज्जत राखली मी." तिने कप पोरीच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि पहिल्या रांगेतली जागा जायला नको म्हणून लगबगीने निघून गेली.

बायनाबाई चौथी शिकलेली होती. फुली म्हणजे चूक हे तिला कळायचं, पण आपल्या पोरीच्या वहीत चुकीची फुली असू शकते हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. आईच्या मायेने तिने लेकीच्या सगळ्या चुका झाकल्या होत्या, आणि तीन वर्षं पोरांना त्याच पाठ करायला दिल्या होत्या.

"जया," नंदिनी म्हणाली, "अठ्ठेचाळीस चूकच आहे. सेहेचाळीस पाहिजे."

जयाने तोंडावर हात ठेवला. मग तिच्या ध्यानात पुढचं आलं. "मंग काकूनं खोडलं ते..." ती थांबली. "ताई, काकूचं नाव नका घेऊ. उरली का त्या दुपारी आमालेही खिचडी वाढतेत. मी मागतो माफी. माह्या बाबाले मी सांगून ठेवलं हाय."

"काय म्हणाले बाबा?"

"काईच नाई. पंधरा दिवस झाले, बोलतच नाई माह्यासंगं. आज सगळ्यात मांगं बसले हायेत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच की इथे चोरही कोणी नव्हता, आणि फाशी जाणारी मुलगी खिचडीवाल्या काकूला वाचवायला निघाली होती. नंदिनीला वाईट वाटलं, आणि आईचा तो फुललेला चेहरा आठवून आणखीच वाईट वाटलं. खरं बोललं तर गावाच्या पहिल्या रांगेत आईची मान खाली जाणार. गप्प बसलं तर जयाची. वर महिन्याभराने बोर्डाच्या पेपरात ही पोरं तिच्याच जुन्या चुका सुवाच्य अक्षरात लिहून येणार. बाहेर माइकवर तिच्या नावाचा पुकारा झाला. तिने चहा तसाच ठेवला, गठ्ठा उचलला आणि म्हणाली, "फेटा नीट बांध. तुझी लेझीमची टोळी जवळच असू दे."

हार मोठा होता. घालताना सरांनी ओळख करून दिली त्यात 'शाळेचा मानबिंदू' दोनदा आलं. बायनाबाई दोन्ही वेळा मागे वळून लोकांकडे पाहून घेत होती.

"जय भीम, नमस्कार," नंदिनीने सुरुवात केली. खाली दहावीची पोरं वहीपेन घेऊन बसली होती. ताई यंदाच्या पेपरात काय येणार ते सांगेल अशी त्यांना आशा. "मी पहिला जुना पेपर सोडवला तेव्हा मला किती पडले असतील?"

"चाळीस!" पोरं ओरडली.

"चाळीसपैकी सतरा."

मांडवात हशा पिकला. ताई विनयाने कमी सांगते आहे असं लोकांना वाटलं.

"खरंच सतरा. नऊ मार्कांच्या प्रश्नांना तर मी हातच लावला नव्हता, वेळ संपला. तोपर्यंत मी गणित करायची ते पाय पसरून, मध्ये उठून, पाणी पिऊन. भाग एकचा पेपर दोन तासांचा असतो हे मला ठाऊक होतं, पण दोन तास म्हणजे किती, हे ठाऊक नव्हतं. मग बाबांच्या मोबाइलवर घंटा लावायला लागले. बाबा गडचांदूरला कामावर गेले की मोबाइल नसायचा, मग राजदीपला घड्याळापुढे बसवायची. घंटा झाली की पेन खाली. वाक्य अर्धं असलं तरी खाली."

पोरं लिहायला लागली. हेमराज सर मान डोलवत होते.

"आणि खरी उजळणी पेन खाली ठेवल्यावर सुरू व्हायची. उत्तरं तपासायची. जिथे चुकलं तिथे फुली मारायची. लाल पेन आपल्या शाळेत फक्त मास्तरांचा, पोरांनी लाल शाईला हात लावायचा नाही, हा सरांचा नियम." सगळे सरांच्या खिशाकडे पाहून हसले. "म्हणून मी पेन्सिलीने मारायची. मग ती चूक एका वहीत उतरवायची. मी काय लिहिलं, का चुकलं, बरोबर काय. आठ दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा. पुन्हा चुकला तर पुन्हा आठ दिवसांनी. मला आधी वाटायचं माझी भूमिती कच्ची आहे. वहीत पाहिलं तर भूमितीच्या चुका थोड्या, अंकगणिती श्रेढीच्याच ढीगभर. ते मला पुस्तकाने नाही सांगितलं, जुन्या पेपरांनी सांगितलं. मग मी पुस्तकातला तो धडा पहिल्यापासून पुन्हा केला. पुस्तक उघडलंच नाही म्हणतात ना, ते खोटं आहे. जुना पेपर तुम्हाला पुढचा पेपर सांगत नाही रे. तुम्ही कुठे चुकता, तेवढंच सांगतो."

दोन पोरांनी पेन खाली ठेवले. यंदा काय येणार ते ताई सांगणार नव्हती, हे त्यांना आता उमगलं होतं.

नंदिनीने गठ्ठा वर धरला. मांडवात दहावीच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे माझे सोडवलेले पेपर. तिसऱ्या पेपरात मी लिहिलं आहे की पंधराव्या रांगेत अठ्ठेचाळीस खुर्च्या. वर ताळाही केला आहे. आणि ते साफ चूक आहे."

हेमराज सर खुर्चीवरून अर्धे उठले. "अठ्ठेचाळीस?"

"हो सर, ताळ्यासकट. जया, तुझी टोळी घेऊन ये जरा वर."

जयामागून पंधरा जणांची लेझीमची टोळी छमछम करत मंचावर आली. "पहिल्या रांगेत तीन जणांना उभं कर," नंदिनी म्हणाली. "पुढे प्रत्येक रांगेत दोन वाढव. तीन रांगा."

जयाने उभं केलं. तीन, त्यामागे पाच, त्यामागे सात.

"आता माझ्या पद्धतीने कर. तिसरी रांग, म्हणून तीन गुणिले दोन, सहा. पहिल्या रांगेतल्या तिनात सहा मिळवले."

"नऊ," जया म्हणाली. तिने तिसरी रांग मोजली. बोट लावून पुन्हा मोजली. आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "पन सातच हायेत! ताई, पयल्या रांगेत वाढवलंच नाई ना काई! दुसऱ्या रांगेपासून वाढवलं. तीन रांगायत दोनच डाव वाढवलं!"

"मग पंधरा रांगांत?"

"चवदा डाव! चवदा दुने अठ्ठावीस. अठरा अन् अठ्ठावीस, सेहेचाळीस!" ती माइकपासून चार हात दूर होती, तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेलं.

"सर," नंदिनी हेमराज सरांकडे वळली, "या एकोणीस जणांनी एकमेकांचं पाहिलं नाही. सगळ्यांनी माझं पाहिलं. तीन वर्षांपूर्वीचं. जयाची काही चूक नाही."

सर मंचाच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, अठ्ठेचाळीस पाहिलं, ताळा पाहिला. "अगं, पण तू तर फुल्या मारायचीस म्हणालीस. इथे एकही नाही. आणि शाळेच्या कपाटात तर मी नुसते प्रश्न ठेवले आहेत. ही उत्तरं पोरांना मिळाली कुठून?"

"माझ्याकडूनच," नंदिनी म्हणाली. "मीच फुल्या नीट..."

"खोटी बोलू नको!"

पहिल्या रांगेत बायनाबाई उभी होती. नवं पातळ, कानात फुलं, आणि रडवेला चेहरा. मांडव तिच्याकडे वळला.

"मी देल्ले, सर. तुमाले न सांगता देल्ले. अन् फुल्याही मीच खोडल्या. मले वाटलं पोरानं गिरगट केलं. मले काय मालूम बा, का माही पोरगी चुकते म्हनून!" तिने पदराने डोळे पुसले. "त्या जयाले काई नोका म्हनू. काय बोलाचं ते मले बोला. उद्यापासून खिचडी दुसरीले सांगा शिजवाले."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसू पसरत गेलं. कुचेष्टेचं नव्हतं ते. लेकीच्या वहीतल्या चुका आईने खोडरबराने खोडल्या, हे ज्यांना पोरंबाळं होती त्या सगळ्यांना कळलं. हेमराज सरांनी हसू आवरायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही.

"बायनाबाई, बसा तुम्ही," ते म्हणाले. "तुमच्यावर रागावलो तर मला आधी माझ्यावर रागवावं लागेल. जुन्या पेपरातला प्रश्न आकडेही न बदलता उचलून मी पूर्वपरीक्षेला दिला. आळस माझा, आणि चौकशी पोरांची!"

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून इस्तारी उठला. उंच, काळासावळा, खांद्यावर दुपट्टा. तो मधल्या वाटेने चालत मंचापर्यंत आला.

"गुर्जी, मले एकच सांगा. माह्या पोरीनं कापी केली का नाई केली?"

"नाही केली, इस्तारीभाऊ."

"मंग ते माईकवर सांगा. माफी माईकवर होनार होती ना? मंग हेही माईकवरच सांगा."

हेमराज सरांनी माइक हातात घेतला. "जया इस्तारी मेश्राम हिने कॉपी केलेली नाही. कोणीच केलेली नाही. मी चुकलो, आणि गावासमोर तिची माफी मागतो." माइकने मध्येच शिट्टी मारली, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.

इस्तारी मंचावर चढला. पंधरा दिवसांत पोरीशी एक शब्द न बोललेला बाप. त्याने तिचा सैल झालेला फेटा दोन्ही हातांनी घट्ट बसवला आणि म्हणाला, "चाल, आता लेझीम दाखव. त्याच्यासाठीच आलो मी." जया रडत हसत होती. टाळ्या इतक्या वाजल्या की ढोलवाल्याला वाटलं आपलीच वेळ आली. त्याने ठेका धरला, आणि कार्यक्रम आपोआप पुढे गेला.

"अन् सर, त्या प्रश्नाचे मार्क?" उतरता उतरता एका पोराने संधी साधली.

"पहिलं पद आणि फरक बरोबर ओळखल्याचा अर्धा मार्क देईन," सर म्हणाले. "बाकीचे सेहेचाळीसवाल्यांना. पाठ करून लिहिता काय रे!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नंदिनीची गाडी दुपारची होती, आणि आई सकाळपासून तिच्याशी बोलत नव्हती. रुसली म्हणावं तर तसं नव्हतं, लाजली होती. नंदिनी अंगणात बसून जायची पिशवी भरत होती. नऊच्या सुमारास हेमराज सर सायकलवर आले आणि त्यांच्यामागून जया. सरांनी सायकल भिंतीला लावली, खिशाचा लाल पेन काढला आणि बायनाबाईपुढे धरला.

"घ्या. पोरांनी लाल शाईला हात लावायचा नाही हा नियम कालपासून बंद. पेन्सिल नव्हे, लाल पेन. हे खोडरबराने निघत नाही, बायनाबाई."

बायनाबाईने पेनाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग ती आत गेली. धानाची कोठी सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात मूळ उत्तरांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या हातात तीन वर्षं लपवून ठेवलेली चुकांची वही, कोपरा उंदराने कुरतडलेली.

मग अंगणात चटई पडली. जया वहीतून एकेक चूक वाचायची, नंदिनी पेपरात जागा दाखवायची आणि बायनाबाई तिथे फुली मारायची. पहिली फुली तिने कोपऱ्यात बारीकशी मारली. दहाव्या फुलीपर्यंत ती सरावली. विसाव्यापासून तर ती सांगायला लागली, "थांब, थांब, हे मोठी मारू दे, हे दुरून दिसाले पायजे." अठ्ठेचाळीसपुढे तिने दोन फुल्या मारल्या, पूर्वी होत्या तशाच.

शेवटची फुली झाली तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. जयाने मोजून सांगितलं, "काकू, एकूण त्र्याहत्तर."

बायनाबाईने गठ्ठा मांडीवर ठेवून पानं उलटली. कालपर्यंत स्वच्छ, सुंदर असलेली पानं आता लाल झाली होती. फाटकाशी कोणीतरी आलं होतं. नववीतली दोन पोरं, वडशाला झेरॉक्सला न्यायला. बायनाबाईने गठ्ठा त्यांच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"पयले हे लाल लाल पाहा," ती म्हणाली. "त्र्याहत्तर डाव चुकली, तवा कुठी पयली आली माही पोरगी."